ग्रहणाचा वेध नेमका किती वाजल्यापासून आणि कुणी किती पाळायचा?

प्रश्न : आम्ही सोलापूरला एकत्र राहतो. 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणाला घरात नुसता गोंधळ झाला. कुणी म्हणे वेध 12:37 ला लागला, मोबाईलवर 12:57 दाखवत होतं, शेजारच्या काकू म्हणाल्या संध्याकाळी सव्वापाचपासून. सासूबाई 70 च्या पुढच्या, शुगरची गोळी चालू, तरी त्यांनी दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नाही आणि रात्री त्यांना दरदरून घाम फुटला. जाऊबाई सातव्या महिन्यात होत्या, त्यांना साडेतीन तास हलू दिलं नाही. उरलेला सगळा स्वयंपाक टाकून दिला. आता 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे म्हणतात. शास्त्रात नेमकं काय आहे आणि आम्ही काय पाळावं?

उत्तर : तिन्ही वेळा एकाच ग्रहणाच्या वेधाच्या आहेत. त्यातली एक मुंबईची, एक ठोकताळ्याची आणि एक लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांच्यासाठीची. तुमच्या सासूबाईंना यातली पहिली लागूच नव्हती. तो दंडक ज्या ग्रंथातून येतो त्याच ग्रंथात त्यांच्यासाठी वेगळी मुदत दिलेली आहे. ती कुणी वाचून दाखवली नाही, एवढंच.

तो ग्रंथ तसा तुमच्या जिल्ह्यातलाच. महाराष्ट्रात घरोघरी सण-व्रतांचा निर्णय ज्यावरून होतो तो धर्मसिंधु पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, 1790 मध्ये लिहिला. त्यातला वेधाचा नियम सरळ आहे. ग्रहण ज्या प्रहरात लागतं तो प्रहर सोडून, त्याच्या आधीचे प्रहर मोजायचे. चंद्रग्रहणाला तीन, सूर्यग्रहणाला चार. प्रहर म्हणजे घड्याळाचे तीन तास नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त याचे चार समान भाग केले की दिवसाचे प्रहर, आणि सूर्यास्त ते पुढचा सूर्योदय याचे चार भाग केले की रात्रीचे.

आता 7 सप्टेंबरचं गणित सोलापूरसाठी करून बघा. त्या दिवशी सोलापुरात सूर्य साधारण 6:13 ला उगवला आणि 6:35 ला मावळला. दिवसाचा प्रहर झाला सुमारे 3 तास 5 मिनिटांचा, रात्रीचा 2 तास 54 मिनिटांचा. ग्रहणाचा स्पर्श रात्री 9:57 ला होता. रात्रीचा पहिला प्रहर 9:29 ला संपला, म्हणजे स्पर्श दुसऱ्या प्रहरात आला. तो प्रहर सोडायचा. मागे मोजायचे तीन: रात्रीचा पहिला, दिवसाचा चौथा, दिवसाचा तिसरा. दिवसाचा तिसरा प्रहर सुरू होतो बरोबर मध्यान्हाला, आणि सोलापूरचा त्या दिवशीचा मध्यान्ह होता 12:24 चा. तुमचा वेध 12:24 ला लागला.

12:37 हा मुंबईचा मध्यान्ह. मुंबई सोलापूरच्या पश्चिमेला तीन रेखांशांहून थोडी जास्त आहे, एका रेखांशाला चार मिनिटं धरा, की हा फरक निघतो. मोबाईलवरच्या 12:57 मागे तर प्रहरसुद्धा नाही. तीन प्रहर म्हणजे नऊ तास असं धरून 9:57 मधून नऊ वजा केले आहेत. उत्तरेकडे हा हिशोब सर्रास चालतो. तेरा मिनिटांसाठी घरात वाद घालण्यात अर्थ नाही, पण प्रहराचं गणित समजलं की सव्वापाचचं कोडंही सुटतं.

धर्मसिंधु पुढे म्हणतो की बालक, वृद्ध आणि आतुर, म्हणजे आजारी, यांच्याबाबतीत वेध दीड प्रहराचा किंवा तीन मुहूर्तांचा. मुंबईचं गणित घ्या. रात्रीचा दुसरा प्रहर जिथे सुरू होतो तिथून दीड प्रहर मागे गेलं की सव्वापाच येतात. सोलापूरला तेच पाच वाजून दोन मिनिटं. पंचांगवाले बहुतेक दीड प्रहराचीच वेळ छापतात आणि त्या यादीत गर्भवतींनाही घेतात.

पण त्या ओळीतला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, आणि तो छापील तक्त्यात येत नाही. एक मुहूर्त म्हणजे दिवसाचा किंवा रात्रीचा पंधरावा भाग, साधारण 46 ते 50 मिनिटं. तीन मुहूर्त म्हणजे सव्वादोन ते अडीच तास. 9:57 च्या स्पर्शाआधी तीन मुहूर्त मोजले तर येतात 7:35 च्या आसपास. सासूबाई त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पोटभर जेवल्या असत्या, जेवणाआधीची गोळी नेहमीसारखी घेतली असती, आणि तरीही बाबा पाध्यांच्या शब्दाबाहेर एक पाऊल पडलं नसतं. शुगर असलेल्या माणसाला आतुर म्हणायचं की नाही असा कुणी प्रश्न काढला, तरी 70 च्या पुढे त्या वृद्ध आहेतच. त्याच ठिकाणी वेधात जेवणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे ते ‘शक्त’ माणसाला, म्हणजे ज्याला झेपतं त्याला. ज्याला झेपत नाही त्याला दोष सांगितलेला नाही.

दरदरून घाम फुटला म्हणता, ते ग्रहणामुळे नव्हे. शुगरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड, जेवण झालं असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. गोळी पोटात गेली आणि मागून अन्न आलं नाही, की रक्तातली साखर 70 च्या खाली घसरते. घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम चिडचिड किंवा बोलण्यात घोळ ही तिची लक्षणं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला असं सहसा होत नाही, इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र नक्की होऊ शकतं. म्हणून त्यांच्या पाकिटावर कोणत्या औषधाचं नाव आहे ते आजच बघून ठेवा आणि पुढच्या ग्रहणाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करणं हेही तितकंच चूक.

तशी वेळ आलीच तर मोक्षाची वाट बघू नका. चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अर्ध्या पेल्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी साखर मोजा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या, वर आली की काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, ठसका लागून श्वास अडकतो. सरळ दवाखाना. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री दर दोन तासांनी एकदा बघणं बरं.

पाण्याचंही तसंच. वेधाचा निषेध भोजनाचा आहे. वेध लागल्यापासून घोटभर पाणीही नाही, ही भर घराघरांनी घातली. प्रत्यक्ष ग्रहण सुरू झालं की पाणीही न घेण्याची चाल जुनी आहे, ती तब्येतीने ठणठणीत माणसाने साडेतीन तास पाळली तर काही बिघडत नाही. पण सप्टेंबरच्या ग्रहणात वेध ते मोक्ष तेरा तासांचा पल्ला होता. 70 च्या पुढच्या माणसाने एवढा वेळ पाणी तोडायचं कारण ना वैद्यकात आहे ना ग्रंथात.

आणखी एक गंमत. आपल्याकडे ‘ग्रहणाचा उपवास’ हा शब्द सैल वापरला जातो. वेधात न जेवणं वेगळं आणि संकल्प सोडून उपवास करणं वेगळं. पुत्रवान गृहस्थाने ग्रहणादिवशी उपवास करू नये असंच धर्मशास्त्र सांगतं. तुमच्या घरातला कर्ता मुलगा, पदरी मुलं असूनही, अभिमानाने ‘मी कडक उपवास केला’ म्हणत असेल, तर ग्रंथाच्या हिशोबाने तो चुकतोय.

आता जाऊबाई. इथे तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या सोडवून घ्यायला हव्यात.

खाण्याचा भाग वर आलाच. छापील पंचांगसुद्धा गर्भवतीला कमी वेध देतं, आणि तीन मुहूर्तांचा पर्याय धरला तर रात्रीचं जेवण वेळेवर होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीर उपाशीपणाला फार लवकर प्रतिसाद देतं. इतरांना बारा-चौदा तासांनी जे होतं ते तिला बरंच आधी होतं, चक्कर येते, मळमळतं, लघवीत कीटोन दिसतात. गरोदरपणातला मधुमेह असेल तर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाणं हा औषधाचाच भाग, तो ग्रहणातही मोडायचा नाही. पाणी उशाशी असू द्या.

न हलण्याचा भाग लोकरूढीतला. सुई-दोरा धरू नये, विळी-चाकूला हात लावू नये, बोटं दुमडू नयेत, कूस बदलू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो किंवा एखादा अवयव जोडला जात नाही, ही भीती त्यामागे आहे. ती खोडायला एकच वस्तुस्थिती पुरते. गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळूही त्यानंतर थोड्याच आठवड्यांत पुरी होते. त्या काळात कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेलं नसतं. जाऊबाईंच्या सातव्या महिन्यात ओठ केव्हाच तयार झालेला होता. जुळलेला ओठ सुई धरल्याने उसवत नाही. ओठ-टाळू फाटण्यामागे आनुवंशिकता असते, आईचा आधीपासूनचा आणि ताब्यात नसलेला मधुमेह, तंबाखू-सिगारेट, फिट्सची काही औषधं अशी कारणं असतात. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेण्याचा सल्ला देतात तो प्रामुख्याने मणका आणि मेंदूच्या व्यंगांसाठी. घरात पुढचं लग्न असेल तर नव्या सुनेला ग्रहणाची यादी देण्यापेक्षा ती गोळी सुचवा.

साडेतीन तास एकाच कुशीवर पडून राहणं उलट त्रासाचं असतं. पाय सुजतात, रक्त साकळण्याचा धोका गरोदरपणात आधीच जास्त असतो, आणि लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाला संसर्ग होतो. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर तडजोड सोपी आहे. जाऊबाईंनी घरात राहावं, त्या वेळात शिवण-चिरणं करू नये, जपमाळ घ्यावी किंवा गप्पा माराव्यात. त्यात कुणाचंच नुकसान नाही. पण उठबस, बाथरूम, पाणी यावर पहारा नको.

तिसरा भाग दवाखान्याचा, आणि तिथे तडजोड नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून गेलं, पाणी फुटलं, सतत डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ग्रहण लागलेलं असो वा सुटलेलं, लगेच निघायचं. ‘मोक्ष झाला की जाऊ’ हे वाक्य घरात उच्चारू नका. डॉक्टरांनी ठरवलेलं सिझर ग्रहण टाळायला पुढे ढकलायचं असेल तर ते चालेल की नाही हे त्यांनीच सांगायचं, पंचांगाने नाही.

टाकून दिलेल्या स्वयंपाकाकडे येतो. शिजवलेलं अन्न ग्रहणात दूषित होतं म्हणून टाकावं, असं वचन आहे खरं. पण त्याला जोडूनच अपवादही आहेत. दूध, दही, ताक, कांजी, तुपा-तेलात तळलेले पदार्थ आणि साठवणीचं पाणी यांना दोष लागत नाही, त्यांत तीळ किंवा दर्भ घातला की झालं. मूळ वचनात तीळ-दर्भ आहेत. तुळशीचं पान ही आपल्याकडची सोय, कारण दर्भ पूजेच्या दुकानात हुडकावा लागतो आणि तुळस दारात असते. इथे एक गल्लत होते ती टाळा. दोष लागत नाही याचा अर्थ ती वस्तू ग्रहणानंतर वापरता येते. ग्रहण चालू असताना दही-ताक प्यायची ती परवानगी नव्हे.

तुळशीच्या पानाने धर्माचा प्रश्न मिटतो, नासण्याचा मिटत नाही. सकाळी अकराला शिजवलेला भात तुळस घालून ओट्यावर ठेवला आणि मोक्षानंतर दीड वाजता रात्री खाल्ला, तर तो चौदा तास उघड्यावर राहिला. शिजलेल्या भातात असे जिवाणू वाढतात की त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ग्रहणानंतर उलट्या होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष राहूचा नसून त्या भाताचा असतो. वास येत नाही म्हणून तो खराब नाही असं धरू नका, या विषाला वास नसतो. शिजवलेलं उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, भात-आमटी पसरट भांड्यात काढून, म्हणजे लवकर गार होतात.

पण सोलापूरकरांना याची चिंता का पडावी, हेच कळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या दोन वस्तू जणू ग्रहणासाठीच जन्मल्या. ज्वारी-बाजरीची पातळ थापलेली भाकरी तव्यावर दाबून दाबून पार वाळेपर्यंत भाजलेली असते. तिच्यात पाणीच उरत नाही, म्हणून ती नासत नाही. चटणीतही शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मोक्षानंतर अंघोळ झाली की दही कालवून चटणी, कडक भाकरी आणि कांदा, एवढ्यावर रात्र निघते. माणशी दोन भाकऱ्या आणि वाटीभर दही धरा. ताजा स्वयंपाक सकाळी. ग्रहणाच्या दिवशी मुळात सकाळी तेवढाच भात लावायचा जेवढा दुपारी संपेल. म्हणजे टाकायचा प्रश्नच येत नाही. लोणची, पापड, धान्य, पीठ यांना तर कुणीच कधी दोष सांगितलेला नाही.

प्रत्यक्ष ग्रहणात काय करायचं याचा क्रम एका श्लोकात आहे: स्पर्शाला स्नान, मध्ये होम, सुटायला लागलं की दान, सुटल्यावर स्नान. घरात होम कुणी करत नाही, जप करतात. सासूबाईंनी रात्री दीडला गार पाण्याने अंघोळ करायची गरज नाही. आजाऱ्याला गरम पाणी चालतं.

कोणतं ग्रहण पाळायचंच नाही, हेही माहीत असू द्या, कारण मोबाईलवर जगातल्या प्रत्येक ग्रहणाची बातमी येते. आपल्या गावातून जे दिसू शकतं तेच धरायचं. 28 ऑगस्ट 2026 चं चंद्रग्रहण नेमकं नारळी पौर्णिमेला येतं, पण ते लागतं तेव्हा आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि चंद्र मावळलेला असतो. त्या दिवशी वेध नाही, राखीच्या मुहूर्ताशी त्याचा संबंध नाही. 12 ऑगस्ट 2026 चं खग्रास सूर्यग्रहणही भारतातून दिसत नाही. 2027 मधली चंद्रग्रहणं छायाकल्प, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या गडद सावलीत शिरतच नाही. तीही धर्मकृत्याला धरत नाहीत. ढगांमुळे दिसलं नाही तर मात्र नियम सुटत नाही, कारण तिथे ग्रहण दिसण्याजोगं होतं, आड आले ते ढग. उलट उदाहरण 3 मार्च 2026 चं, धुळवडीच्या दिवशीचं. ते आपल्याकडे चंद्र उगवला तेव्हाच लागलेलं होतं. सोलापुरात साडेसहाच्या सुमारास चंद्र वर आला आणि 6:47 ला ग्रहण सुटलं, जेमतेम पाव तास. याला ग्रस्तोदित म्हणतात. अशा चंद्रग्रहणाला वेध सूर्योदयापासून धरतात, म्हणून पाव तासाच्या ग्रहणासाठी दिवसभराचं जेवण अडलं. तेव्हा वेध किती लांब यावरून ग्रहण किती मोठं याचा अंदाज बांधू नका.

आता 2 ऑगस्ट 2027. सोमवार आहे, आषाढ अमावस्या, म्हणजे सोमवतीही आणि दिव्यांची अवसही. आदल्या रविवारी गटारी, तेव्हा घरातल्या काहींना सोमवारचा वेध जरा जडच जाणार. इजिप्तमध्ये हे खग्रास आहे, सोलापुरातून खंडग्रास दिसेल. दुपारी चारच्या सुमारास सुरू होईल आणि सूर्यास्ताच्या आत सुटेल. सूर्यग्रहणाच्या वेळा चंद्रग्रहणासारख्या सगळीकडे एकच नसतात, गावागणिक बदलतात, म्हणून मिनिटं सोलापूरचीच घ्या. दाते पंचांग सोलापूरहूनच निघतं, त्या वर्षीचं आणून ग्रहणाचं पान उघडा आणि वेळा कोणत्या गावच्या दिल्या आहेत ते आधी बघा.

त्या दिवशी सोलापुरात सूर्योदय साधारण 6:05, सूर्यास्त 6:59. दिवसाचा प्रहर 3 तास 13 मिनिटांचा, चौथा प्रहर सुरू होतो 3:46 ला. स्पर्श त्याच्या पुढे गेला तर चार प्रहर मागे मोजून वेध पहाटे 3:20 च्या सुमारास लागतो. स्पर्श दोन मिनिटंही अलीकडे राहिला तर तो तिसऱ्या प्रहरात पडतो आणि वेध थेट मध्यरात्री साडेबाराला सरकतो. दोन पंचांगांत तीन तासांचा फरक दिसला तर तो इथून आलेला असेल. धडधाकट माणसाला दोन्हीकडे फरक पडत नाही. सोमवारी सकाळचा चहा-नाश्ता नाही, दुपारचं जेवण नाही, रात्री मोक्षानंतर ताजा स्वयंपाक.

मुलांना आणि सासूबाईंना दीड प्रहराचा वेध धरला तर तो अकराला पाच कमी असताना लागतो. मग सकाळी आठला नाश्ता, साडेदहाला पूर्ण जेवण. सात तास मधे जातात, धडधाकट आठ-दहा वर्षांच्या पोराला ते झेपेल, गोळीवर असलेल्या माणसाला नाही. तिथे तीन मुहूर्तांचा पर्याय घ्या. त्या दिवशीचा मुहूर्त साधारण 52 मिनिटांचा, तीन म्हणजे 2 तास 35 मिनिटं. चारला स्पर्श धरला तर वेध 1:25 ला. साडेबाराला नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी, आणि ग्रहण सुटल्यावर सहाच्या सुमारास खाणं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना भूक लागेल तेव्हा द्या.

दिव्यांची पूजा वेधात करायला हरकत नाही, वेध जेवणाला आहे, पूजेला नाही. अमावस्या दुपारी साडेतीनच्या सुमारास संपते, तेव्हा दिवे घासूनपुसून सकाळीच मांडा. कणकेचे दिवे मात्र मोक्षानंतर उकडा.

पोरांना घरात कोंडू नका, पण सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, परातीतल्या पाण्यातलं किंवा हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब, यांतलं काहीही सुरक्षित नाही. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, दुसऱ्या दिवशी मधोमध डाग दिसायला लागतो तेव्हा कळतं. चष्मा आणायचा तर त्यावर ISO 12312-2 छापलेलं बघा, आणि घालून घरातल्या दिव्याकडे बघा. सूर्याखेरीज काहीही ठळक दिसलं तर तो टाकून द्या. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाने 3 ते 5 मिलिमीटरचं भोक पाडणं. पाचच्या सुमारास ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं, तेव्हा गच्चीवर सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, पुठ्ठा डोक्याच्या बाजूला धरायचा आणि दोन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर भोकातून पडलेला प्रकाश बघायचा. तिथे पावणेदोन-दोन सेंटीमीटरचा, एका बाजूने खाल्लेला सूर्य दिसेल. पुठ्ठा सापडला नाही तर कडुनिंबाखाली चादर अंथरा. पानांच्या फटीतून पडणारा प्रत्येक कवडसा तसाच चावलेला असतो, आणि सासूबाईंना तो खुर्चीत बसून, मान वर न करता बघता येईल.